शोधनिबंधातील कर्ता : कर्मणी वाक्यरचनेतून थेट विधानाकडे

मराठी शोधनिबंधांच्या भाषेविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते : वाक्ये लांबलचक असतात, 'करण्यात आले आहे', 'दिसून येते', 'मानले जाते' अशा क्रियापदांनी ती संपतात, आणि परिच्छेद वाचून झाल्यावर लेखकाने नेमके काय म्हटले ते हाती लागत नाही. यावर 'कर्मणी टाळा, कर्तरी लिहा' असा उपाय सुचवला जातो. तो इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शनातून आलेला आहे आणि मराठीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही हे आधी पाहून मग एका नमुना परिच्छेदाचे पुनर्लेखन करू.

१. मराठीतील अडचण

'हरिभाऊंनी कादंबरी लिहिली' हे वाक्य आपल्या व्याकरणानुसार कर्मणी प्रयोगाचे आहे. कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. तरीही हे वाक्य अगदी थेट आहे. लिहिणारा कोण, लिहिले काय, हे त्यात स्पष्ट आहे. उलट 'कादंबरी लिहिली गेली' किंवा 'कादंबरीचे लेखन करण्यात आले' या वाक्यांत लिहिणाराच नाहीसा होतो. म्हणजे मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद आले की कर्मणी किंवा भावे प्रयोग बहुधा येणारच; तो दोष नव्हे. खरा प्रश्न प्रयोगाचा नसून कर्त्याचा आहे. क्रिया कोणी केली, हे वाक्यातून कळते की नाही, एवढेच तपासावयाचे असते.

कर्ता लपवणाऱ्या रचना मुख्यतः तीन आहेत. पहिली, क्रियावाचक नामाला 'करण्यात येणे' जोडण्याची : 'विश्लेषण करण्यात आले'. ही कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा आहे. दुसरी, 'जाणे' या सहाय्यक क्रियापदाची : 'मानले जाते', 'समजले जाते'. तिसरी, 'दिसून येते', 'म्हणता येईल' यांसारखी, जिच्यात निरीक्षण करणारा आणि निष्कर्ष काढणारा दोघेही अदृश्य राहतात. तिन्हींचे परिणाम सारखे नाहीत. पहिलीने वाक्य केवळ लांबते. दुसरी आणि तिसरी विधानाची जबाबदारीच टाळतात.

२. नमुना परिच्छेद

पुढील परिच्छेद या लेखासाठी रचला आहे. पण त्याची घडण ओळखीची वाटेल.

'"पण लक्षात कोण घेतो" या कादंबरीमध्ये स्त्रियांच्या स्थितीचे चित्रण करण्यात आलेले असून त्यासाठी प्रथमपुरुषी निवेदनपद्धतीचा अवलंब करण्यात आलेला आहे. सदर पद्धतीमुळे कादंबरीला वास्तवता प्राप्त झाली आहे असे मानले जाते. निवेदिकेच्या ज्ञानाला मर्यादा घालण्यात आल्या असल्याचे दिसून येते. तसेच कादंबरीवर सुधारणावादी विचारांचा प्रभाव पडलेला असल्याचेही म्हणता येईल.'

आता प्रत्येक क्रियापदापाशी थांबून 'कोणी?' असे विचारू.

'चित्रण करण्यात आलेले', 'अवलंब करण्यात आलेला' : कोणी? हरिभाऊ आपट्यांनी. येथे उत्तर सोपे आहे. 'चित्रण करणे', 'अवलंब करणे' या जोडक्रियापदांऐवजी 'सांगणे' हे साधे क्रियापद घेतले की दोन्ही वाक्यांशांचे एकच वाक्य होते.

'असे मानले जाते' : कोण मानते? येथे लेखकाला आपल्या टिपणांकडे परत जावे लागते. एखाद्या समीक्षकाने तसे म्हटले असेल, तर त्याचे नाव व ग्रंथ द्यावा. कोणीच म्हटले नसेल आणि ते लेखकाचे स्वतःचे मत असेल, तर तसे लिहावे. दोन्ही नसेल, तर वाक्य काढून टाकावे.

'मर्यादा घालण्यात आल्या' : कोणी घातल्या आणि कोणाच्या ज्ञानाला? या वाक्यात 'निवेदिका' हा शब्दच संदिग्ध आहे. कहाणी लिहिणारी प्रौढ यमू आणि कहाणीत वावरणारी लहान यमू या एकाच व्यक्ती असल्या, तरी त्यांचे ज्ञान एक नाही. कर्ता शोधू लागल्यावरच हा भेद पुढे येतो. मूळ वाक्यात तो झाकलेला होता; कदाचित लेखकाच्याही लक्षात आलेला नव्हता.

'प्रभाव पडलेला असल्याचे म्हणता येईल' : हे सर्वांत धोक्याचे वाक्य. घाईने सुधारल्यास 'हरिभाऊंनी आगरकरांचे विचार कादंबरीत मांडले' असे होईल. वाक्य थेट झाले, पण पुराव्यापलीकडे गेले.

३. पुनर्लेखन

'"पण लक्षात कोण घेतो" या कादंबरीत हरिभाऊ आपटे यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगतात. प्रौढ यमू बालपण आठवून लिहिते. मात्र काही प्रसंगी ती लहान यमूला जेवढे कळत होते तेवढेच सांगते. त्यामागचा अर्थ वाचक स्वतः ताडतो, आणि म्हणून कादंबरी खरी वाटते, असे माझे मत आहे. "सुधारक" १८८८ मध्ये निघाले. ही कादंबरी १८९० पासून "करमणूक"मध्ये क्रमशः येऊ लागली. स्त्रीशिक्षण आणि विधवांचे केशवपन हे "सुधारक"चे विषय कादंबरीतही येतात. पण हरिभाऊंनी ते तेथूनच घेतले, असे एवढ्यावरून ठरत नाही.'

नवा परिच्छेद जुन्यापेक्षा लहान झालेला नाही, हे ध्यानात घ्यावे. 'सदर', 'प्राप्त झाली', 'करण्यात आलेले' यांची जागा दोन वर्षे, दोन नियतकालिके आणि एक भेद यांनी घेतली आहे. शिवाय 'काही प्रसंगी' असे म्हटल्याने ते प्रसंग पृष्ठांकांसह दाखवण्याची जबाबदारी आता लेखकावर आली आहे. मूळ परिच्छेदात ती नव्हती.

येथे संयमाच्या शब्दांविषयी सांगितले पाहिजे. 'म्हणता येईल', 'असल्याचे दिसून येते' हे शब्द पुष्कळदा शंका दर्शवण्यासाठी नव्हे, तर सवयीने येतात. ते सरसकट काढले की खरी शंकाही निघून जाते. म्हणून अनिश्चितता क्रियापदाच्या शेपटीतून काढून ती जेथे आहे तेथे लिहावी : कोणती गोष्ट ठरली, कोणती ठरली नाही, हे वेगळे सांगावे. पुनर्लेखनातील शेवटचे वाक्य हेच करते.

४. कर्त्याविण वाक्य कोठे ठेवावे

कर्ता माहीत नसेल, तर तो निर्माण करू नये. एखाद्या पोथीत मधल्या काही ओव्या नसतील, तर 'लेखनिकाने ओव्या गाळल्या' हे वाक्य जोमदार असले तरी चुकीचे ठरू शकते. त्या मूळ प्रतीतच नसतील किंवा पान गहाळ झाले असेल. तेथे 'या प्रतीत त्या ओव्या नाहीत' एवढेच म्हणावे. हे वाक्य थेटही आहे आणि अचूकही. तसेच 'कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली' यात प्रकाशकाचा संबंध नसेल, तर त्याला ओढून आणण्याचे कारण नाही.

'मी'विषयीही हाच विवेक ठेवावा. निवड, मत आणि वर्गीकरण संशोधकाचे असते. तेथे 'प्रस्तुत अभ्यासकाकडून निवड करण्यात आली' यापेक्षा 'मी निवडले' हे अधिक प्रामाणिक होय. संहितेत जे आहे त्यासाठी मात्र संहिता, पात्र किंवा लेखक यांनाच कर्ता करावे. प्रत्येक वाक्यात 'मला आढळले' म्हटल्याने परिच्छेद संशोधकाविषयीचा होतो.

पुनर्लेखन पूर्ण झाले की मूळ आणि नवा परिच्छेद शेजारी ठेवून दोन प्रश्न विचारावेत. मूळातील एखादे विधान नव्यात हरवले काय? आणि मूळात नसलेली खात्री नव्यात शिरली काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर ते वाक्य पुन्हा लिहावे लागेल. मग ते कितीही सुटसुटीत झालेले असो.