नवे कोरे ब्रिक्समीटर आणि त्याच्या पेटीतला दाखला

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीचे शिवार म्हणजे उसाचे शिवार. शेजारीच वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आहे. तेव्हा ऊस पिकला की नाही, हा प्रश्न इकडे घरोघर निघतो. पूर्वी पाल्याचा पिवळेपणा पाहून आणि कांडी चावून तो सोडवीत. आता पुष्कळांजवळ हातात मावणारे एक नळीसारखे यंत्र असते. त्याचे नाव रिफ्रॅक्टोमीटर, पण लोक त्याला ब्रिक्समीटर म्हणतात. या यंत्राविषयी शेतकरी आणि शिक्षक जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : यंत्र नवे आहे. पेटीत बनवणाऱ्यांचा दाखला आहे, त्यावर सही-शिक्का आहे. मग वापरण्याआधी पुन्हा तपासायचे कशाला?

उत्तर : आधी तो दाखला नीट वाचा. पुष्कळदा तो नुसता ‘तपासून पास केले’ एवढ्याच अर्थाचा कागद असतो. यंत्राने काय दाखवले, चूक किती निघाली, हे त्यावर नसते. दुसऱ्या प्रकारच्या दाखल्यावर आकडे असतात: अमुक तारखेला, २० अंश सेल्सिअसला, अमुक प्रमाण द्रावण घातले तेव्हा यंत्राने अमुक दाखवले. असल्या कागदाला अंशशोधनाचा दाखला म्हणतात, आणि चांगल्या प्रयोगशाळेचा असेल तर त्यातल्या मापांची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

हा दुसरा दाखला खरा धरायला काहीच हरकत नाही. पण तो त्या दिवसापुरता आणि त्या जागेपुरता खरा असतो. त्यानंतर यंत्र मालमोटारीत आदळत आले, दुकानाच्या माळ्यावर उन्हाळाभर तापले. आत काचेचा लोलक असतो, आणि शून्य जुळवायचा एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर हलला तरी पट्टीवरची रेघ सरकते. दाखल्याला त्याची काय खबर?

प्रश्न : समजा स्क्रू हललाच नाही. मग तरी झाले ना?

उत्तर : नाही. खरी गोम तापमानात आहे. हे यंत्र रसातून जाताना प्रकाश किती वाकतो ते पाहते. रसात साखर जास्त तर प्रकाश जास्त वाकतो. पण द्रव तापला की तो विरळ होतो आणि प्रकाश कमी वाकतो. यंत्राला हा फरक कळत नाही. त्याला वाटते साखरच कमी आहे. पट्टी आखलेली असते २० अंशांसाठी. ३० अंशांच्या दुपारी साध्या पाण्याची रेघ शून्याच्या खाली सुमारे पाऊण ब्रिक्स जाते.

एक उदाहरण घेऊ. कोणी नोव्हेंबरातल्या दुपारी ३० अंशांवर यंत्राचा शून्य पाण्याने जुळवला आणि तेव्हाच रस तपासला. रसही तेवढाच तापलेला. दोघांची चूक जवळजवळ सारखीच, म्हणून ती फिटली आणि वाचन बरोबर आले. पुढे डिसेंबरात भल्या पहाटे, १५ अंशांच्या गारठ्यात, तोच गृहस्थ तेच यंत्र घेऊन फडात गेला. शून्य पुन्हा पाहिला नाही. आता दुपारी वर चढवलेला पाऊण ब्रिक्स तसाच राहिला, आणि गार रसाने आणखी सुमारे ०.३ ची भर घातली. खरा रस १७ ब्रिक्सचा, यंत्र दाखवते १८ च्या थोडे वर. ऊस पक्व धरायला साधारण १८ ब्रिक्स लागतात. म्हणजे यंत्राने ‘तोडा’ म्हणून सांगितले आणि ऊस अजून कच्चा! असल्या उसाने कारखान्याचा उतारा खाली येतो, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

उलट चूकही होते. दुपारी शून्य जुळवला तो जुळवला, वर छापील कोष्टक पाहून तापमानाची दुरुस्ती पुन्हा मिळवली. हे एकच देणे दोनदा फेडण्यासारखे झाले. शून्य त्याच तापमानाला जुळवला असेल तर कोष्टकाला हात लावू नका.

प्रश्न : आमच्या यंत्रावर एटीसी असे लिहिले आहे.

उत्तर : म्हणजे तापमानाची भरपाई ते आपोआप करते. सोय चांगली आहे, पण बहुतेक यंत्रांत ती १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. शिवाय भरपाई यंत्राच्या तापमानावरून होते. उन्हात तापलेल्या उसाचा रस सावलीतल्या यंत्रावर घातला तर दोघांचे तापमान एक होईपर्यंत, निदान अर्धा मिनिट, थांबा.

प्रश्न : मग नवे यंत्र घरी किंवा शाळेत तपासावे कसे?

उत्तर : यंत्र आणि बाटलीतले पाणी अर्धा तास एकाच खोलीत, सावलीत ठेवा. लोलक ओल्या मऊ कापडाने पुसा. नव्या काचेवर हाताचा किंवा तेलाचा ओशटपणा असतो. मग डिस्टिल्ड पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून झाकण बंद करा. आत बुडबुडा राहता कामा नये. थोडे थांबून उजेडाकडे धरा. निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे येते ते आधी वहीत लिहा, मग स्क्रू फिरवून ती शून्यावर आणा. न लिहिता स्क्रू फिरवला तर यंत्र किती चुकले होते ते कायमचे पुसले गेले. शास्त्रात तपासणे हे एक काम आणि जुळवणे हे दुसरे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घेऊ नका. लिटरला एक-दोन ग्रॅम क्षार असले तरी शून्य ०.१ ते ०.२ ब्रिक्सने फसतो.

पण शून्य जुळला म्हणजे वरची पट्टीही बरोबर, असे धरू नये. त्यासाठी ३० ग्रॅम स्वच्छ पांढरी साखर १७० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा. हे १५ ब्रिक्सचे द्रावण झाले. पाणी मापाने नव्हे, वजनाने घ्यावे. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर, एवढेच. पट्टीवर १५ च्या आसपास, एका बारीक घराच्या म्हणजे ०.२ च्या आत वाचन आले तर यंत्र वापरायला हरकत नाही. शून्य बरोबर असून १६ आले, तर आधी द्रावण नव्याने करून पाहा. तरीही १६ च आले तर दोष पट्टीत किंवा लोलकात आहे. स्क्रू फिरवून १५ आणू नका, नाही तर शून्य बिघडेल. यंत्र दुकानदाराला परत द्या.

प्रश्न : पण आमचा वजनकाटाच चुकीचा असला तर?

उत्तर : शिक्षकाला शोभेलसा प्रश्न! नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याचीही हीच कथा आहे. तो अंबाल्याला जुळवलेला असला, तर कोल्हापुरात किलोमागे सुमारे एक ग्रॅम कमी दाखवील, कारण गुरुत्वाकर्षण तिथल्यापेक्षा इथे किंचित कमी आहे. काटा बिघडलेला नाही, गाव बदलले. म्हणून तो इथल्या इथे प्रमाण वजन ठेवून जुळवावा लागतो, आणि व्यापारात वापरायचा तर वैध मापन खात्याची मुद्राही लागते. बनवणाऱ्याचा दाखला तिथे पुरत नाही. आपल्या द्रावणाला मात्र ही चूक बाधत नाही. काटा साखर आणि पाणी दोन्ही त्याच प्रमाणात कमी दाखवतो, म्हणून गुणोत्तर तेच राहते.

प्रश्न : हे सारे किती वेळा करायचे?

उत्तर : पाण्याचा थेंब रोज, फडात जाण्याआधी, आणि सकाळची दुपार झाली, ऊन चढले, तर पुन्हा एकदा. साखरेचे द्रावण हंगामाच्या सुरुवातीला, तसेच यंत्र हातून पडले असेल तेव्हा. ते दर वेळी ताजे करावे. कालचे द्रावण आंबू लागले की त्यातली साखर कमी होते, आणि चांगल्या यंत्रावर उगीच आळ येतो.