आवाजाची सत्ता आणि तिची पारख

औषधे नियमित घेऊनही ज्यांचे आवाज थांबत नाहीत आणि ज्यांची दृढ समजूत हलत नाही, अशा रुग्णांसाठी विचार आणि वर्तन यांवर आधारलेली एक उपचारपद्धती आहे. सीमाभागातल्या कुटुंबांत तिच्याविषयी तीन गैरसमज वारंवार आढळतात. त्यांचा उलगडा लोंढ्याच्या एका दुकानदाराच्या उदाहरणाने करतो; ओळख पटू नये म्हणून ही हकिकत अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून रचली आहे.

वडिलांच्या निधनानंतर, रात्रीची झोप उडालेली असताना, या गृहस्थांना एक करडा पुरुषी आवाज ऐकू येऊ लागला: ‘दुकान उघडलंस तर पोरगा शाळेतून परत येणार नाही.’ आवाज आला की ते दुकान बंद ठेवीत. धारवाडच्या मनोरुग्णालयातून (१८४५ साली सुरू झालेली ही संस्था आज डिमहान्स म्हणून ओळखली जाते) मिळालेल्या गोळ्यांनी भीती कमी झाली. आवाज मात्र राहिला.

गैरसमज : आवाज ऐकू येणे म्हणजे माणूस सर्वस्वी निराळा झाला.

वस्तुस्थिती : १९७१ साली वेल्समधील डॉक्टर रीस यांनी विधवा-विधुरांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्यांनी दिवंगत जोडीदाराच्या अस्तित्वाचा भास झाल्याचे सांगितले. दीर्घ जागरण, तीव्र ताप आणि एकांतवास यांतही निरोगी माणसाला आवाज येऊ शकतात. हे सांगण्याचा हेतू व्याधी नाकारण्याचा नसून, ‘मी वेडा तरी आहे किंवा आवाज खरा तरी आहे’ या दोनच पर्यायांच्या कैचीतून रुग्णाला सोडवण्याचा असतो. कारण शोक आणि जागरण यांनी थकलेल्या मेंदूला स्वतःचीच चिंता बाहेरून आल्यासारखी ऐकू येते, हा तिसरा पर्याय त्याच्या स्वाभिमानाला धक्का न लावता समोर ठेवता येतो. मात्र ‘हे तर सगळ्यांनाच होते’ असे म्हणून त्याचा त्रास हलका करणे, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक होय.

गैरसमज : उपचारकाने वाद घालून भ्रम खोडून काढायचा असतो.

वस्तुस्थिती : वाद घातला की समजूत अधिकच घट्ट होते, आणि हो ला हो म्हटले तर तिला पुरावा मिळतो. म्हणून पहिल्या काही भेटी केवळ ऐकून घेण्यात जातात. आवाज मराठीत बोलतो की कानडीत, त्याचे नेमके शब्द कोणते, तो कोणत्या वेळी येतो, याची नोंद रुग्णाच्याच शब्दांत होते. ‘डॉक्टर, तुमचा तरी विश्वास आहे ना?’ असे या गृहस्थांनी विचारले, तेव्हा उत्तर होते : ‘आवाज तुम्हाला ऐकू येतो याविषयी मला शंका नाही, तो कुठून येतो आणि त्याचे म्हणणे खरे ठरते का, हे आपण दोघे मिळून पाहू.’ रुग्ण अस्वस्थ होऊन दाराकडे पाहू लागला, की विषय बदलावा आणि भेट आटोपती घ्यावी.

गैरसमज : आवाज बंद झाला तरच उपचार यशस्वी.

वस्तुस्थिती : चॅडविक आणि बर्चवूड यांनी १९९४ साली दाखवून दिले की, रुग्णाचा छळ आवाजापेक्षा ‘आवाज सर्वशक्तिमान आहे’ या समजुतीने अधिक होतो. म्हणून पारख करायची ती या सत्तेची. आमच्या गृहस्थांनी प्रथम लिहिले : ‘दुकान उघडले तर मुलगा परतणार नाही, खात्री शंभरात नव्वद.’ शेजारी दुसरे स्पष्टीकरण लिहिले : ‘आवाज धमकी देऊ शकतो, घडवून आणू शकत नाही.’ कोणत्या निकालाचा काय अर्थ लावायचा, हे आधीच ठरले. मग आवाज आला असतानाच अर्धा तास दुकान उघडायचे, असा करार झाला. मुलगा वेळेवर घरी आला; पण खात्री जेमतेम ऐंशीवर उतरली, कारण त्या अर्ध्या तासात ते दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले होते, आणि ‘मी पहारा दिला म्हणून तो वाचला’ असे त्यांना वाटत होते. पारख फसते ती बहुधा अशा बचावाच्या कृतीमुळेच. पुढच्या खेपेस फाटकाकडे जाणे वर्ज्य केले, नंतर वेळ दुपारपर्यंत वाढवली. हळूहळू खात्री चाळीसवर आली. आवाज आजही येतो, परंतु दुकान चालू असते.

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम आवाज देत असेल, तर त्याची पारख कधीही करू नये. रुग्णाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषधेही आपल्या मनाने थांबवू नयेत. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराच्या किमान १६ भेटी सुचवल्या आहेत, तर २०१४ सालच्या एका व्यापक फेरतपासणीत त्याचा परिणाम अल्पच आढळला. म्हणून प्रत्येक भेटीत दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : आवाजाच्या धाकाने आज किती गोष्टी टाळल्या, आणि त्याच्या धमकीवरची खात्री किती राहिली. आवाज तेवढाच राहूनही हे दोन आकडे उतरत असतील, तर उपचार लागू पडतो आहे. अनेक भेटींनंतरही ते हलत नसतील, तर लपून राहिलेली बचावाची कृती शोधावी आणि औषधयोजनेचा फेरविचार करावा.