पहिल्या महिन्याचं भाडं: तीसने भागायचं की अठ्ठावीसने?

पुण्यातला एक टू बीएचके फ्लॅट, महिना भाडं १८,००० रुपये. भाडं दर १ तारखेला द्यायचं असं ठरलंय, पण चावी मिळतेय १८ फेब्रुवारी २०२६ ला. मग फेब्रुवारीचे किती द्यायचे?

आधी दिवस मोजू. २८ मधून १८ वजा करून १० म्हणणारे खूप असतात, पण १८ तारीखही राहण्यातच जाते. म्हणून वजाबाकीत एक मिळवायचा, म्हणजे ११ दिवस होतात.

आता रोजचा दर. एजंट बहुधा कोणताही महिना ३० दिवसांचा धरतो. तसं केलं तर रोजचे ६०० आणि ११ दिवसांचे ६,६०० रुपये. त्याच महिन्याचे खरे दिवस धरले, तर १८,००० भागिले २८ गुणिले ११, म्हणजे ७,०७१ रुपये. वर्षाचं भाडं ३६५ ने भागणारेही असतात. त्यांचा आकडा ६,५१० रुपये येतो.

यातला बरोबर कोणता, हे ताडून पाहता येतं. समजा, आधीचा भाडेकरू १७ तारखेपर्यंत राहिला. दोघांचं मिळून मालकाला महिन्याचं पूर्ण भाडं मिळायला हवं. तीसच्या हिशोबाने जुन्याचे १०,२०० आणि नव्याचे ६,६०० मिळून १६,८०० होतात, म्हणजे मालकाचे १,२०० बुडाले. खऱ्या दिवसांनी १०,९२९ आणि ७,०७१ मिळून बरोबर १८,००० भरतात. ३१ दिवसांच्या महिन्यात उलटं होतं. तीसच्या पद्धतीने २ तारखेला येणाराही पूर्ण १८,००० भरतो. म्हणून महिन्याचे खरे दिवस धरणंच सरळ. लीप वर्षात फेब्रुवारीला २९ ने भागायचं.

एक बारकावा आहे. रोजचा दर आधीच ६४३ असा पूर्ण करून ११ ने गुणला, तर ७,०७३ येतात. दोन रुपयांचाच फरक, पण वाद व्हायला तेवढा पुरतो. म्हणून आधी गुणाकार-भागाकार पुरा करावा आणि शेवटच्या आकड्यालाच पूर्ण रुपयांत आणावं. मेंटेनन्स भाडेकरूकडे असेल, तर त्यालाही हीच पद्धत लावावी. डिपॉझिटला मात्र दिवसांचा हिशोब लागत नाही.

ही भानगडच नको असेल, तर भाड्याचा महिना १८ तारखेपासून पुढच्या १७ तारखेपर्यंत धरावा. अकरा महिन्यांचा करार मग १७ जानेवारीला संपतो आणि अर्धवट महिना कुठेच उरत नाही. १ तारीखच हवी असेल, तर लिव्ह अँड लायसन्स करारात एवढं वाक्य घालून घ्या: ‘अपूर्ण महिन्याचं भाडं त्या महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागून, ताबा मिळाल्याचा दिवस धरून आकारावं.’ सही करण्याआधी फेब्रुवारीचा आकडाही त्यात लिहून घ्या.