फ्रँचायझी कराराचा मराठी अनुवाद : क्षेत्र, रॉयल्टी व ब्रँड-मानके या कलमांतील अर्थनिर्णय

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या साखळी उपाहारगृहाची शाखा घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीसमोर प्रथम येतो तो इंग्रजी करारनामा. भारतात फ्रँचायझी व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे अशा करारास मुख्यत्वे भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. या अधिनियमाच्या कलम १३ नुसार दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली, तरच ती संमती ठरते. मात्र स्वाक्षरीनंतर 'अर्थ कळला नव्हता' असे म्हणणे सोपे नसते. ग्रासिम इंडस्ट्रीज विरुद्ध अगरवाल स्टील या प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मत नोंदविले की, बळजबरी वा कपट सिद्ध झाल्याखेरीज स्वाक्षरी करणाऱ्याने दस्तऐवज वाचून समजून घेतला आहे, असेच गृहीत धरले जाईल. म्हणूनच अर्थाची निश्चिती स्वाक्षरीपूर्वी व्हावी लागते आणि अनुवादाचे कार्यही तेच आहे. प्रस्तुत लेखात एका कल्पित नमुना कराराच्या आधारे तीन कलमांचा विचार केला आहे.

प्रारंभी पक्षांची नावे निश्चित करावी लागतात. इंग्रजीत हक्क देणारा व घेणारा यांच्या संज्ञा केवळ शेवटच्या अक्षरांनी भिन्न आहेत. मराठी व्यवहारात तर 'फ्रँचायझी' हा शब्द दुकानासाठी, हक्कासाठी आणि तो घेणाऱ्या व्यक्तीसाठीही वापरला जातो. त्यामुळे येथे 'कंपनी' आणि 'केंद्रचालक' ही नावे योजली असून ती सर्वत्र कायम ठेवली आहेत.

क्षेत्राचे कलम

नमुना करारात 'सेलू येथील क्षेत्र' केंद्रचालकास दिले आहे. हा शब्दप्रयोग सरळ वाटला तरी तसा नाही. सेलू नावाचा तालुका परभणी जिल्ह्यातही आहे. शिवाय वर्धा जिल्ह्यातील सेलू म्हणजे नगरपंचायतीची हद्द की संपूर्ण तालुका, हे ठरल्याशिवाय सिंदी (रेल्वे) किंवा केळझर येथे दुसरी शाखा निघू शकेल काय, याचे उत्तर मिळत नाही. कराराने 'पाच किलोमीटरचे क्षेत्र' दिले असल्यास ते अंतर दुकानापासून सरळ रेषेत मोजावयाचे की रस्त्याने, हाही प्रश्न उरतो. मूळ मजकूर याविषयी मौन बाळगत असेल, तर अनुवादकाने स्वतःच्या तर्काने 'तालुका' असा शब्द घालू नये. संदिग्धता तशीच ठेवून ती स्वतंत्र टिपेत दाखवावी आणि खुलासा कंपनीकडून लेखी घेण्यास सुचवावे.

दुसरी अडचण हक्काच्या स्वरूपाची आहे. 'अनन्य' हक्क असल्यास त्या क्षेत्रात इतर कोणासच नव्हे, तर कंपनीलाही दुकान काढता येत नाही. 'एकमेव' केंद्रचालक असल्यास इतर कोणास शाखा मिळत नाही, परंतु कंपनी स्वतः दुकान काढू शकते. या दोन्ही संज्ञांसाठी सरसकट 'विशेष हक्क' असे लिहिल्यास हा भेद नाहीसा होतो. बहुधा पुढच्याच उपकलमात ऑनलाइन विक्री, रेल्वे स्थानके व महामार्गावरील विश्रांतीस्थळे कंपनीने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात. वर्धा-नागपूर मार्गावरील गावाच्या बाबतीत हा अपवाद मूळ हक्काइतकाच महत्त्वाचा ठरतो. म्हणून हक्क व अपवाद अनुवादात शेजारी शेजारी ठेवणे इष्ट होय.

शब्दांत मांडलेल्या सीमेवरून वाद कसे उद्भवतात, याचे उदाहरण हल्दीराम या नावाच्या खटल्यात दिसते. तो फ्रँचायझी करार नव्हता; परंतु १९७४ च्या भागीदारी-विसर्जनाच्या दस्ताने या व्यापारचिन्हाचा हक्क एका शाखेस पश्चिम बंगालपुरता आणि दुसऱ्या शाखेस उर्वरित देशासाठी मिळाला, असा दावा होता. १९९१ मध्ये दिल्लीतील करोल बागेत त्याच नावाने दुकान निघाले आणि वाद न्यायालयात गेला. त्यातील भागीदारी कायद्याच्या एका प्राथमिक मुद्द्यावरील निकालासाठीच प्रकरण २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले होते.

रॉयल्टीचे कलम

शासकीय परिभाषेत रॉयल्टीस 'स्वामित्वधन' म्हणतात. तथापि ग्रामीण भागात हा शब्द प्रामुख्याने मुरूम, गिट्टी वा वाळूच्या संदर्भात परिचित आहे. तेथे रक्कम ब्रासच्या मापाने ठरते. फ्रँचायझी करारात मात्र ती विक्रीच्या टक्केवारीने ठरते आणि दुकान तोट्यात असले तरी द्यावी लागते. त्यामुळे 'रॉयल्टी' हाच शब्द ठेवून 'विक्रीवर द्यावयाची रक्कम, नफ्यावर नव्हे' असे स्पष्टीकरण प्रथम उल्लेखाच्या वेळी टिपेत द्यावे.

समजा, नमुना करारात ढोबळ विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी व २ टक्के जाहिरात-अंशदान आहे. मासिक विक्री ४,००,००० रुपये असून सर्व स्थानिक खर्च वजा जाता ४०,००० रुपये उरतात. '६ टक्के' हे नफ्यावर आहेत असे समजणारा वाचक २,४०० रुपये मनात धरतो. प्रत्यक्षात रॉयल्टी २४,००० व अंशदान ८,००० असे ३२,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर ५,७६० रुपये येतो. ५ टक्के दराने कर आकारणाऱ्या उपाहारगृहास या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तोही खर्चच ठरतो. एकूण ३७,७६० रुपये देऊन हाती २,२४० रुपये राहतात.

'ढोबळ विक्री'ची व्याख्या बहुधा कराराच्या आरंभी असते आणि रॉयल्टीचे कलम अनेक पानांनंतर येते. ग्राहकास दिलेली सूट किंवा घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीचे कमिशन विक्रीतून वजा होते की नाही, हे त्या व्याख्येवरूनच कळते. त्यामुळे दोहोंचा अनुवाद एकत्र वाचावयास द्यावा. 'किमान २०,००० रुपये अथवा ६ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती' ही अटही अशीच आहे. मंदीच्या महिन्यात विक्री २,५०,००० वर आल्यास ६ टक्क्यांचे १५,००० होतात, परंतु देय रक्कम २०,००० म्हणजे विक्रीच्या ८ टक्के ठरते. येथे 'यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती' ही शब्दावली गाळली गेली, तर अट उलटी वाचली जाण्याचा संभव असतो.

ब्रँड-मानकांचे कलम

या कलमातील मुख्य अडचण क्रियापदांची आहे. 'कंपनी मानकांत वेळोवेळी बदल करील' असा अनुवाद केल्यास ते कंपनीचे आश्वासन वाटते. मूळ अर्थ 'कंपनीस बदल करण्याचा अधिकार राहील आणि केंद्रचालकावर ते बदल बंधनकारक राहतील' असा असतो. अधिकारासाठी 'करू शकेल' व बंधनासाठी 'करणे बंधनकारक राहील' ही रूपे आरंभापासून अखेरपर्यंत पाळली, तरच कोणावर काय बंधन आहे हे वाचकास ओळखता येते.

मानके स्वतः करारात नसून कार्यपुस्तिकेत असतात आणि ती पुस्तिका बहुधा स्वाक्षरीनंतरच दिली जाते. तरीही 'पुस्तिका हा कराराचा भाग मानला जाईल' असे एक वाक्य करारात असते. हे वाक्य गाळणे वा सौम्य करणे ही गंभीर चूक होय. भिंतींचा रंग, फलक, यंत्रसामग्री आणि कंपनीने मान्य केलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावयाचा कच्चा माल यांचा खर्च त्या एका वाक्याने केंद्रचालकावर येतो. ते नीट कळलेला वाचक स्वाक्षरीपूर्वी पुस्तिका पाहण्याची आणि नूतनीकरणाच्या खर्चास मर्यादा घालण्याची मागणी करू शकतो.

निष्कर्ष

इंग्रजी प्रतच प्रमाण मानली जाईल, अशी अट बहुतेक करारांत असते. अनुवादाने ती अट बदलत नाही. म्हणून ती अनुवादाच्या पहिल्याच पानावर नमूद करावी. अनुवादाची कसोटी वाचकाकडूनच घेता येते. केंद्रचालकाने केवळ मराठी प्रत वाचून केळझरला दुसरे दुकान निघू शकेल काय, अडीच लाखांच्या विक्रीवर किती रक्कम द्यावी लागेल आणि फलक बदलण्याचा खर्च कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ती मूळ कराराशी जुळली नाहीत, तर दुरुस्ती अनुवादात करावयाची. मूळ करारातूनच उत्तर निघत नसेल, तर ती बाब कंपनीशी बोलून लेखी ठरवून घ्यावयाची. स्वाक्षरी त्यानंतरच व्हावी.