चाळीस की ऐंशी?

संपादकांनी औंढा नागनाथच्या रस्त्यावरच्या धाब्यांवर लिहायला सांगितलं होतं. त्या धाब्यांचे मेन्यू जिथे छापले जातात त्या हिंगोलीतल्या डीटीपीच्या दुकानात डोकावायचं म्हणून गेलो आणि तिथेच रमलो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, वगैरे माहिती वहीत लिहून घेतली. पण लक्ष होतं ते कॉम्प्युटरवर बसलेल्या ताईंकडे.

समोर एका शाकाहारी धाब्याच्या फळ्याचा फोटो होता, व्हॉट्सॲपवर आलेला. ताईंनी तो बघितला आणि मालकांना फोन लावला, "दादा, फळ्यासमोर सरळ उभं राहून परत काढा. फ्लॅश नको. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नुसता पाठवला की बारीक होतो." तिरक्या फोटोत कडेचे आकडे चेपतात, आणि फ्लॅशचा झोत नेमका एखाद्या भावावर पडतो. दुसरा फोटो आला तेव्हा सगळ्या ओळी नीट लागल्या.

पदार्थांची नावं टाइप करायला वेळ लागला नाही. पुसट असली तरी ओळखू येतात. 'शे_भाजी' दिसलं की दुसरं काही असूच शकत नाही. आकड्याला मात्र असा आधार नसतो. त्यात या फळ्यावर दोन हात होते. वडिलांनी मराठी आकडे लिहिलेले, मुलाने नंतर भाव वाढवताना इंग्रजी. मराठी १ आणि इंग्रजी 9 सारखेच दिसतात. मराठी ४ चं वरचं तोंड खडूने मिटलं की इंग्रजी 8 तयार. ताकापुढे १० की 90 हा प्रश्न पडत नाही, कारण नव्वदचं ताक इथे कोण पिणार? पण मसाला पापड चाळीसचा की ऐंशीचा? दोन्ही भाव खपण्यासारखे. ताईंनी त्याच ओळीतलं शून्य आणि नावाचं अक्षर वडिलांच्या हाताशी ताडून पाहिलं, चाळीस धरलं आणि तरीही तो चौकोन पिवळा केला. त्यांचा नियम आहे: अंदाज टाइप करायचा, पण पिवळा रंग मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय काढायचा नाही.

दुसरा पिवळा चौकोन मला आपणहून सापडला नसता. दाल फ्राय हाफ ७०, फुल १२०. दाल तडका हाफ ८०, फुल १२०. वाचनात चूक नव्हती, फळ्यावर १२० च दिसत होतं. "हाफला दहाचा फरक आणि फुलला काहीच नाही?" म्हणत त्यांनी फोटो मोठा केला. २ च्या पोटाखाली पुसलेल्या खडूची बारीक शेपटी होती. तो मुळात ३ असावा. फोनवर मालक म्हणाले, एकशे तीस. काजू करी आणि पनीर मसाला एकाच भावाला होते, तिथेही शंका विचारली, पण ते मालकांनी मुद्दाम ठेवलेलं निघालं. म्हणून स्वतःच्या मनाने भाव 'सरळ' करायचा नाही, असं ताई बजावून सांगतात. भाव ठरवणं हे गल्ल्यावरच्या माणसाचं काम.

मग गट. फळ्यावर पदार्थ जसजसे सुरू झाले तसतसे खाली लिहिले जातात, त्यामुळे पिठलं-भाकरी पाण्याच्या बाटलीखाली आली होती. शेवभाजी वर ११० ला होती आणि तळाशी 'शेवभाजी स्पे.' १३० ला. विचारल्यावर कळलं, दुसरीत काजू जास्त. दोन्ही एकाखाली एक घेतल्या आणि 'स्पे.'चं 'काजू शेवभाजी' केलं. राईस प्लेट भाताच्या गटात टाकायची नाही, कारण ती पूर्ण जेवणाची थाळी. तिची जागा सगळ्यांत वर. हाफ आणि फुलला वेगळे रकाने, भाव उजव्या कडेला एका रेषेत, आकडे सगळे एकाच लिपीत. औंढ्याला तेलंगणातून भाविक येतात, म्हणून मालकांनी इंग्रजी आकडे निवडले.

इथवर सगळं छान होतं. खरी कटकट छपाईची. जुने मेन्यू ताईंकडे श्रीलिपीत आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिखल दिसतो. युनिकोडमध्ये केलं तर फ्लेक्सवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'फ्राय'चा पाय मोडतो. त्यावर उपाय म्हणजे अक्षरांचे कर्व्ह करून द्यायचे. अक्षरं मग सुरक्षित राहतात, पण ती चित्रं होतात आणि एक भावही बदलता येत नाही. म्हणून ताई मूळ यादी एक्सेलमध्ये वेगळी जपतात: गट, पदार्थ, हाफ, फुल.

एवढं करूनही तेल महागलं की मालक फळ्यावरचा भाव पुसून नवा लिहितो. टेबलावरच्या लॅमिनेट कार्डावर जुनाच राहतो, आणि गिऱ्हाईक कार्डावर बोट ठेवून भांडतं. ताई आता कार्ड देतानाच अट घालतात की फळ्यावर फक्त 'आज काय आहे' लिहायचं, भाव नाही. मालक हो म्हणतात. या धाब्याचे मालकही म्हणाले, आणि जाता जाता विचारलं, "पण स्पेशलचा लिहिला तर चालेल ना?"