एक दूध, चार बाटल्या

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या परीक्षेची तयारी करताना नमुन्याचे भाग किती, हे नीट पाहावे लागते. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत तीन सापडतात, कारण ती 1954 च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यावर बेतलेली आहेत. आजच्या 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 47 प्रमाणे भाग चार होतात. हा चौथा भाग कशासाठी, ते कळले की बाकीची पद्धत आपोआप लक्षात राहते.

समजा, डेअरीतल्या सुट्या गाईच्या दुधाचा नमुना घ्यायचा आहे. अधिकारी पंचाला बोलावतो, विक्रेत्याला लेखी नोटीस देतो आणि दुधाचे पैसेही चुकते करतो. कॅनमधले दूध आधी चांगले ढवळायचे, नाहीतर साय वर राहते आणि वरच्या व तळाच्या दुधातली स्निग्धता वेगवेगळी येते. मग दोन लिटर दूध चार स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत सारखे भरायचे. दूध नासू नये म्हणून 25 मिलिलिटरला दोन थेंब या प्रमाणात फॉर्मेलिन घालतात; अर्धा लिटरच्या बाटलीला ते 2 मिलिलिटर होते. जंतूंची तपासणी करायची असेल तर मात्र फॉर्मेलिन चालत नाही, कारण ते जंतूच मारते.

बूच घट्ट लावून बाटली जाड कागदात गुंडाळतात. तिच्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याची सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली चिठ्ठी तळापासून वरपर्यंत फिरवून चिकटवतात. विक्रेत्याची सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनावर येईल अशी घेतात. चिठ्ठी काढून पुन्हा लावली, तर सहीच्या रेषा जुळत नाहीत. शेवटी सुतळी बांधून लाखेचे निदान चार ठसे उठवतात: एक वर, एक खाली, दोन अंगावर.

पहिला भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. सीलच्या ठशाचा नमुना मात्र त्या पुडक्याबरोबर न पाठवता वेगळा पाठवतात. दोन्ही एकत्र गेले, तर वाटेत सील बदलणारा ठशाचा नमुनाही बदलू शकेल. विश्लेषक आधी ठसे ताडून पाहतो आणि मगच पुडके उघडतो. अहवाल त्याने 14 दिवसांत द्यायचा असतो.

दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात. उरलेला चौथा भाग, विक्रेत्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. सरकारी अहवालाची शहानिशा विक्रेत्याला स्वतंत्रपणे करून घेता यावी, यासाठी ही सोय 2006 च्या कायद्याने दिली. दोन अहवालांत तफावत निघाली, तर राखून ठेवलेल्यांपैकी एक भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अंतिम ठरतो. ज्या विक्रेत्याने चौथा भाग मागितला नाही, त्यालाही अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते.