बदलत्या फ्रेम दरामुळे होणारी ध्वनिविसंगती

मोबाइल फोनवर केलेले दीर्घ चित्रीकरण संपादनासाठी घेतल्यावर चित्र आणि ध्वनी यांत हळूहळू वाढत जाणाऱ्या अंतरास ध्वनिविसंगती म्हणतात. आरंभी ओठांची हालचाल व शब्द जुळतात. शेवटाकडे मात्र ते काही सेकंदांनी वेगळे पडतात.

== कारण ==
फोनमध्ये ध्वनीचे नमुने ठरावीक गतीने, बहुधा सेकंदाला 48,000, घेतले जातात. चित्राच्या फ्रेमची गती मात्र बदलते. प्रकाश कमी झाला की प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ लागतो. फोन तापल्यावरही काही फ्रेम गळतात. प्रत्येक फ्रेम केव्हा दाखवायची याची वेळनोंद फाइलमध्ये असते. काही संपादन प्रणाली ही नोंद न पाळता सर्व फ्रेम समान अंतराने मांडतात. त्यामुळे दोष निर्माण होतो.

उदाहरणार्थ, एक तासाच्या व्याख्यानात सेकंदाला सरासरी 29.95 फ्रेम नोंदल्या गेल्या, तर एकूण 1,07,820 फ्रेम होतात. त्या सेकंदाला 30 या गतीने मांडल्यास चित्र 3,594 सेकंदांत संपते. ध्वनी मात्र 3,600 सेकंद चालतो, म्हणजे शेवटी तो 6 सेकंद मागे राहतो.

== ओळख ==
मूळ फाइल साध्या प्लेअरमध्ये जुळलेली आणि संपादनात विसंगत दिसत असेल, तर हे कारण संभवते. MediaInfo या प्रणालीत अशा फाइलपुढे `Frame rate mode: Variable` अशी नोंद दिसते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असेल, तर दोष वेगळा असतो. तेथे ध्वनी एकदाच पुढेमागे सरकवणे पुरते.

== उपाय ==
संपादनापूर्वीच फाइल स्थिर फ्रेम दरात रूपांतरित करावी लागते. एफएफएमपेग या मुक्त प्रणालीतील आज्ञा अशी:

```
ffmpeg -i mul.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy sthir.mp4
```

येथे `fps=30` वेळनोंद वाचून रिकाम्या जागी आधीची फ्रेम पुन्हा ठेवते. वरील उदाहरणात अशा सुमारे 180 फ्रेम भरल्या जाऊन चित्राची लांबी पुन्हा 3,600 सेकंद होते. ध्वनीला स्पर्श होत नाही. हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` हा पर्याय निवडल्यासही हेच साधते.

ध्वनी प्रमाणात आखडून घेण्याचा मार्ग सहसा अपुरा ठरतो. सभागृहातील दिवे शेवटच्या वीस मिनिटांतच मंद झाले असतील, तर अंतर तेवढ्याच भागात वाढते; सर्वत्र सारखी दुरुस्ती केल्यास आधीचा जुळलेला भागही बिघडतो.

== मर्यादा ==
रूपांतरात चित्र पुन्हा संकुचित होते, त्यामुळे दर्जा किंचित घटतो. मूळ फाइल जपून ठेवणे इष्ट असते. पुन्हा ठेवलेल्या फ्रेममुळे वेगवान हालचालीत सूक्ष्म धक्का जाणवू शकतो. ध्वनी स्वतंत्र यंत्रावर मुद्रित केला असल्यास दोन्ही यंत्रांच्या घड्याळांतील फरक उरतोच. दशलक्षात 50 भाग इतका फरक तासाला 0.18 सेकंद होतो. अशा वेळी मात्र ध्वनीची लांबी प्रमाणात बदलणे हाच योग्य उपाय ठरतो.